वाढलेल्या पानांचा हिशेब

त्या रात्री मी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि पहिलं वाक्य लिहिलं, "आपण वेळोवेळी सुचवलेल्या बदलांमुळे नाइलाजाने कळवावे लागते की..." ते वाचलं आणि खोडलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण ज्या बाईंशी दोन महिने रोज बोलत होते, ज्यांच्या वडिलांच्या आठवणी ओळीओळीने वाचल्या होत्या, त्यांना मी एकदम "आपण" म्हणायला लागले होते. "नाइलाजाने" या शब्दात तर सगळा राग दडून बसला होता, आणि तो राग निम्मा माझ्या स्वतःवरचा होता.

मी पुस्तकांची मांडणी करते. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि शेवटी छापखान्याला द्यायची पीडीएफ, एवढं माझं काम. मोठ्या प्रकाशकांपेक्षा घरगुती पुस्तकं माझ्याकडे जास्त येतात: कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाचा कुलवृत्तांत, कुणाच्या वडिलांच्या आठवणी. ही कामं मला मनापासून आवडतात. आणि सांगितल्यापेक्षा वाढत जातात तीही हीच, कारण माणूस आठवायला लागला की मोजून आठवत नाही.

हे पुस्तक होतं अण्णांचं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, बहुतेक नीरा डाव्या कालव्यावर. दोन जूनला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्या दिवशी पुस्तक पाहुण्यांच्या हातात द्यायचं, असं त्यांच्या मुलीने ठरवलं होतं. मी त्यांना ताई म्हणते. ताईंनी जानेवारीत फोन केला तेव्हा मजकूर टाईप करून तयार होता. शब्द बत्तीस हजार. डेमी आकारात, तेरा पॉइंटच्या अक्षरात माझ्या मांडणीत एका पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणून १२८ पानं धरली. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे बरोबर आठ फर्मे.

अठरा जानेवारीला मी दरपत्रक पाठवलं होतं. मांडणी पानाला ७० रुपये, मुद्रितशोधन पानाला ५०, छायाचित्र स्वच्छ करून बसवायचे प्रत्येकी १५०, मुखपृष्ठाचे ५,०००. छायाचित्रं बारा, प्रुफं दोन वेळा. सगळं मिळून २२,१६०. छपाईचा खर्च छापखान्याला थेट, माझ्याकडून नाही. ताईंनी निम्मे, म्हणजे ११,०८० रुपये, त्याच दिवशी पाठवले.

काम कसं वाढलं ते आता मागे वळून पाहताना दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं, कारण ते एकदम वाढलंच नाही. "एवढं एक घालता येईल का?" असं ताई विचारायच्या आणि मी म्हणायचे, "हो, करून टाकू." आपल्या भाषेतलं हे "करून टाकू" मला आता जरा जपून वापरावंसं वाटतं. "करू" म्हटलं की निदान कधी करू, किती वेळ लागेल हा विचार मनात येतो. "करून टाकू" म्हणताना काम बोलल्याबरोबर हातावेगळं झाल्यासारखं वाटतं आणि त्याला वेळ लागतो हेच विसरायला होतं.

सगळ्यात आधी वाढलं ते ताईंना कळलंसुद्धा नाही. त्यांनी पाठवलेली फाईल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होती. अशा फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून फाईलमध्येही ती आधी असते; युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं याच्या उलट. रूपांतर करणारं साधन बरंचसं नीट करतं, पण जिथे चुकतं तिथे "वर्ष"चं "वषर्" होतं आणि "कर्ज"चं "कजर्". कालव्यावरच्या माणसाच्या आठवणींत वर्ष आणि कर्ज हे शब्द किती वेळा येत असतील! बत्तीस हजार शब्दांतून अशी अक्षरं शोधून काढण्यात माझ्या चार संध्याकाळी गेल्या. त्याबद्दल मी ताईंना अवाक्षर बोलले नाही.

मग पाच मार्चला दुसरं प्रुफ दिलं, तेव्हा अण्णांनी प्रकरणांचा क्रम बदलला. बदललेला क्रम खरोखर चांगला होता. बालपणापासून सुरुवात न करता ते दुष्काळातल्या एका आवर्तनापासून सुरू करायला लागले आणि पुस्तकात जीव आला. पण प्रकरणं हलली की पानं हलतात, पानं हलली की चित्रं आणि अनुक्रमणिका हलते, आणि सगळं पुन्हा वाचावं लागतं. म्हणजे तिसरं प्रुफ. तेही मी करून टाकलं.

चौदा मार्चला वह्या आल्या. अण्णा नोकरीत असताना रोजच्या नोंदी ठेवायचे. सरकारी नव्हे, स्वतःच्या. कुठल्या चारीला पाणी कधी पोचलं, शेजपाळीत कुणाचा नंबर असताना कुणी दार उघडलं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी रात्री येऊन काय सांगितलं. तीन वह्या, हाताने लिहिलेली १४६ पानं. ताई म्हणाल्या, "यातलं थोडं घेऊ या का?" मी एक वही उघडली आणि वाचतच राहिले. थोडं घेण्यासारखं ते नव्हतंच, सगळं घेण्यासारखं होतं. आणि मी तसं ताईंना सांगितलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे हिशेब मांडताना मला त्याची आठवण ठेवावी लागली. काम वाढवण्यात माझाही हात होता.

बावीस मार्चला ताईंच्या भावाने परदेशातून अट्ठावीस फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. भिंतीवरच्या फ्रेमचे मोबाईलने काढलेले फोटो, काचेवर ट्यूबलाइटची तिरीप. अशा फोटोवर कितीही कष्ट घेतले तरी छापल्यावर तो पांढरा पट्टा दिसतोच. फ्रेममधून मूळ फोटो काढून ३०० डीपीआयवर स्कॅन करणं हाच एक मार्ग. शिवाय ७० जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर जुने कृष्णधवल फोटो मातकट येतात. इतके फोटो असतील तर आर्ट पेपरचा एक वेगळा फर्मा घ्यावा लागतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा सगळं एकत्र मोजलं. वहीची दहा पानं निवडून शब्द मोजले, सरासरी एकशेदहा निघाली. १४६ पानांचे सोळा हजार शब्द, म्हणजे छापील ६४ पानं. फोटोंची आणखी सोळा. १२८ पानांचं पुस्तक २०८ पानांचं झालं होतं, आठ फर्म्यांचे तेरा. आणि ठरलेली रक्कम अजून तीच होती, २२,१६०.

आता प्रश्न होता तो कसं सांगायचं याचा.

पहिल्या मसुद्याचं काय झालं ते सांगितलंच. दुसरा त्याच्या अगदी उलट निघाला. "ताई, सांगायला संकोच वाटतोय, पण थोडं बोलायचं होतं, राग मानू नका..." अशा चार ओळी झाल्या तरी आकडा येईना. तोही खोडला. संकोचाने लिहिलेला हिशेब वाचणाऱ्यालाही संकोचात टाकतो. मग समोरचा माणूस आकडे पाहत नाही, आपल्याला सावरायला लागतो. ताईंनी मला सावरावं अशी माझी इच्छा नव्हती. त्यांना ठरवता यावं, एवढंच हवं होतं.

तिसऱ्यांदा बसले तेव्हा आधी वहीत दोन रकाने आखले. माझ्या मते खरं काम तिथेच झालं. एका बाजूला जे मी न सांगता करून मोकळी झाले होते ते, दुसऱ्या बाजूला जे अजून सुरूच केलेलं नव्हतं ते. पहिल्या रकान्यात फाँटचं रूपांतर आणि तिसरं प्रुफ आलं. त्यांचे पैसे मागायचे का? कष्ट तर झाले होते. पण फाईल उघडून न पाहता मी दर दिला होता, आणि तिसऱ्या प्रुफाच्या वेळी "याचे वेगळे पडतील" हे एक वाक्य बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. ज्या कामाला नाही म्हणायची संधीच समोरच्याला दिली नाही, त्याचं बिल मागाहून पुढे करणं मला पटेना. पहिला रकाना माझ्याकडे ठेवला. पण पत्रात तो लिहायचा, हेही ठरवलं. उपकार दाखवायला नव्हे. काम झालं आहे हे त्यांना कळायला हवं, आणि पुढच्या वेळी तेच काम पुन्हा निघालं तर त्याला दर आहे हेही.

दुसऱ्या रकान्याला जुनेच दर लावले. पानाला ७० ठरले होते तर वाढलेल्या पानालाही ७०च. घाई आहे म्हणून ८० करायचा मोह झाला होता, पण तसं केलं असतं तर दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या असत्या: काम किती वाढलं आणि मी दर किती वाढवला. वाचणाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. मग त्याला सगळाच आकडा संशयास्पद वाटतो, आणि त्याचं काही चुकत नाही. नवा दर फक्त हस्तलिखित टाईप करण्याचा होता, कारण जानेवारीच्या कागदात ते कामच नव्हतं.

आणखी एक शब्द मी बराच वेळ तपासत बसले. "काम वाढलं" लिहायचं की "तुम्ही काम वाढवलंत"? पहिल्यात कुणीच काही केलेलं नसतं, जणू रात्रीतून गवत उगवावं तसं काम उगवलं. दुसरं थेट बोट दाखवतं. दोन्ही नकोत असं वाटलं, म्हणून तारखा लिहिल्या. अमुक दिवशी वह्या आल्या, अमुक दिवशी फोटो आले. तारीख कुणाला दोष देत नाही आणि काही लपवतही नाही.

सव्वीस मार्चला सकाळी ईमेल पाठवला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढं कळवलं. ईमेल असा होता:

"ताई, नमस्कार. अण्णांच्या पुस्तकाचं काम आणि त्याची रक्कम, दोन्हीबद्दल लिहिते आहे. १८ जानेवारीला आपलं ठरलं होतं ते १२८ पानं, १२ छायाचित्रं आणि दोन प्रुफं, एकूण २२,१६० रुपये. त्यातले ११,०८० तुम्ही दिले आहेत.

त्यानंतर १४ मार्चला तीन वह्या आणि २२ मार्चला २८ फोटो आले. हे सगळं घेतलं तर पुस्तक २०८ पानांचं होतं. वाढलेल्या कामाचा हिशेब असा, दर जुनेच, फक्त टंकलेखनाचा नवा: वह्यांचं टंकलेखन ६४ पानं, पानाला ४० प्रमाणे २,५६०, ८० पानांची मांडणी ५,६००, ६४ पानांचं मुद्रितशोधन ३,२००, २८ छायाचित्रं ४,२००. वाढ १५,५६०, एकूण ३७,७२०. पानांचा अंदाज वहीच्या दहा पानांवरून काढला आहे. चार पानं इकडेतिकडे झाली तर रक्कम बदलणार नाही. त्याहून जास्त फरक पडतोय असं दिसलं तर थांबून आधी तुम्हाला विचारीन.

फाईलचा जुना फाँट बदलणं आणि प्रकरणांच्या नव्या क्रमानंतरचं तिसरं प्रुफ, ही कामं झालेली आहेत. त्यांचे पैसे धरलेले नाहीत, कारण मी ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पानं वाढल्याने पुस्तकाचा कणा साधारण सहा मिलिमीटरवरून नऊच्या पुढे जाईल, त्यामुळे मुखपृष्ठ पुन्हा जुळवावं लागेल. तेही मुखपृष्ठाच्या पाच हजारांतच.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. सगळं घेतलं तर ३७,७२०, आणि छापखान्यासाठीची फाईल १० एप्रिलऐवजी ६ मे रोजी तयार. वह्या घेऊन नवे फोटो वगळले तर ३२,४००, फाईल २८ एप्रिलला. दोन्ही बाजूला ठेवून ठरलेलं पुस्तक काढलं तर २२,१६०च, तारीखही तीच. वह्यांची वेगळी पुस्तिका नंतर सावकाश करता येईल. छापखान्याला पंधरा दिवस लागतात, त्यामुळे तिन्हींत २ जून गाठता येतो. मात्र पहिल्या वाटेने गेलो तर हातात फारसे जादा दिवस उरत नाहीत. छपाईचा वाढीव खर्च यात धरलेला नाही, तो छापखान्याकडून लेखी मागवा. त्यांना '१२ फर्मे मॅपलिथो, १ फर्मा आर्ट पेपर' एवढं सांगितलं की पुरे.

तुमचा निर्णय कळेपर्यंत वह्या आणि फोटो यांचं काम सुरू करत नाही. बाकीचं चालू आहे. ३० तारखेपर्यंत कळवलंत तर वरच्या तारखा पाळता येतील."

ईमेल गेल्यावर तासाभराने ताईंचा निरोप आला: "एवढा फरक?" त्यानंतर दोन दिवस काहीच नाही.

ते दोन दिवस मला जड गेले. आकडा कमी करून टाकावा असं तीनदा मनात आलं. पण कमी कशातून करायचं? ६४ पानं चौपन्न होणार नव्हती. काम तेवढंच ठेवून आकडा खाली आणला असता, तर आधीचा आकडा फुगवलेला होता असाच त्याचा अर्थ निघाला असता. कमी करायचं तर कामातून कमी करावं लागतं. म्हणूनच तीन वाटा दिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ताईंच्या भावाचा फोन आला. त्यांनी सरळ विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं? आम्ही फोटो पाठवत होतो तेव्हाच?" माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "वह्या आल्या त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बारा दिवस उशीर झाला, ती माझी चूक." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग फोटोंबद्दल विचारायला लागले, कुठले चांगले येतील, कुठले नाहीत. मी एकेक सांगत गेले. अट्ठावीसमधल्या अकरा फोटोंवर काचेची तिरीप थेट चेहऱ्यावर होती. मूळ फोटो फ्रेममधून निघाले तरच ते घ्यावेत, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खुद्द अण्णांनी फोन केला. त्यांनी ईमेलची प्रिंट काढून घेतली होती आणि आकडे पेनाने पुन्हा मांडून पाहिले होते. "बेरीज बरोबर आहे तुझी," म्हणाले. मग म्हणाले, "आमच्याकडे पाण्याला सात नंबरचा अर्ज असायचा. शेतकरी त्यात लिहायचा, इतकं क्षेत्र, अमुक पीक. मंजुरी तेवढ्याचीच. एक एकर लिहून दोन भिजवलं तर पंचनामा. पण पाटकऱ्याने स्वतःच दार उघडं ठेवलं असेल तर? मग शेतकऱ्याला काय बोलायचं? तू तुझ्या बाजूचं दार लिहून टाकलंस, ते बरं केलंस."

वह्या सगळ्या घ्यायच्या, यावर ते ठाम होते. फोटो त्यांनी स्वतः बसून निवडले. अट्ठावीसचे आठ झाले. लग्नातले, सत्काराचे, हार घातलेले सगळे गेले. राहिले ते कालव्याचे, गेजजवळ उभ्या असलेल्या माणसांचे, एक चारी फुटली त्या दिवशीचा. आठ फोटोंना आर्ट पेपरचा अर्धा फर्मा, आठ पानं, एकेका पानावर एक. नवा हिशेब एका परिच्छेदाचा झाला: टंकलेखन २,५६०, ७२ पानांची मांडणी ५,०४०, मुद्रितशोधन ३,२००, छायाचित्रं १,२००. वाढ बरोबर १२,०००, एकूण ३४,१६०. ताईंनी "मंजूर" एवढाच शब्द लिहिला, आणि मी त्या रात्री पहिली वही टाईप करायला घेतली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ताईंचा निरोप आला. सोबत एक फोटो होता, या वेळी फ्रेममधून काढून नीट स्कॅन केलेला, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपने तो दाबलेला नव्हता. त्यांची आई चारीच्या काठावर बसलेली, मांडीवर डबा, मागे पाणी. खाली लिहिलं होतं: "अण्णांना हा आत्ता सापडला. बसत असेल तर बघा. याचे दीडशे वेगळे धरा."

अर्ध्या फर्म्यात नवं पान निघत नव्हतं. दुसऱ्या वहीत एक नोंद आहे, आवर्तनाची चौथी रात्र, "घरून डबा आला." त्या प्रकरणाच्या शेवटी अर्धं पान कोरं राहिलं होतं. मॅपलिथोवर फोटो जरा मऊ येईल, हे ताईंना कळवलं, आणि तो तिथे बसवला.